किडलेली दाढ ठेवायची का काढायची

प्रश्न: वय ४७, खालची मागची दाढ खूप किडलीय, रूट कॅनल करू का सरळ काढून टाकू? नागपूरला राहतो.

उत्तर: कीड साफ केल्यावर हिरडीच्या वर चारही बाजूंनी निदान दीड-दोन मिलिमीटर भक्कम दात उरत असेल तर रूट कॅनल करून कॅप बसवा, नसेल तर काढलेलीच बरी. मी इथेच नागपुरात दातांची डॉक्टर आहे, रोज हेच बघते. कॅप त्या उरलेल्या कड्यालाच धरून बसते, कडं नसलं की रूट कॅनल कितीही छान झालं तरी कॅप सुटते नाहीतर मूळच उभं तडकतं आणि मग काढावीच लागते, म्हणजे पैसे दोनदा. परवाच एक काका आले, वरून भोक छोटंसं, पण एक्स-रेत कीड हिरडीच्या खाली दोन मुळांच्या फाट्यापर्यंत गेलेली, ती काढलीच. म्हणून डॉक्टरांना आधी कीड साफ करून किती दात उरतो ते दाखवायला सांगा, मग ठरवा. फक्त ती अक्कलदाढ असेल तर एवढा विचार नको, ती बहुतेक वेळा काढलेली चालते. बाकी दाढ काढली तर जागा वर्षानुवर्षं रिकामी ठेवू नका हो, वरची दाढ हळूहळू खाली उतरते.