वास्ता म्हणजे वशिलाच ना? मग अरब लोक त्याला शिव्याही घालतात आणि अभिमानाने वापरतातही, हे कसं?

प्रश्न: "कामानिमित्त अम्मानला जातोय. तिथे 'वास्ता'शिवाय पान हलत नाही असं ऐकलं. हा आपल्याकडचा वशिलाच का? आणि तिथल्या लोकांना तो चांगला वाटतो की वाईट?"

मी जॉर्डनमध्ये काही वर्षं नोकरी केली. तिथे जे पाहिलं त्यावरून लिहितो.

आधी शब्दाचं बघू. आपला 'वशिला' अरबीतूनच आला आहे, पण तो 'वसीला' या शब्दापासून, म्हणजे साधन. 'वास्ता'चं मूळ वेगळं आहे. 'वसत' म्हणजे मध्य, आणि वास्ता म्हणजे मध्ये पडणं. जो मध्ये पडतो त्या माणसालाही वास्ताच म्हणतात. 'तुझा वास्ता कोण?' असं तिथे सरळ विचारतात. गमतीत 'व्हिटॅमिन वाव' असंही म्हणतात. वाव हे त्या शब्दाचं पहिलं अक्षर.

मध्ये पडणं हा मूळ अर्थ लक्षात ठेवा, कारण वास्त्याला जो मान आहे तो तिथून येतो. जॉर्डनमध्ये दोन घराण्यांत खून झाला, अपघातात कुणी दगावलं, किंवा मुलीला मागणी घालायची असली, की वडीलधारी माणसं मिळून समोरच्याच्या घरी जातात. या मंडळींना 'जाहा' म्हणतात. मागणी घालायला निघालेल्या अशा एका जाहामध्ये मला बरोबर नेलं होतं. दिवाणखान्यात भिंतीला लागून सगळे बसले. यजमानाने बिनदांडीच्या छोट्या पेल्यात वेलदोड्याची कडू कॉफी दिली. आमच्यातल्या सर्वांत वयस्कर माणसाने पेला हातात घेतला आणि न पिता समोर ठेवून दिला. मग उभं राहून तो बोलला. ज्या कामासाठी आलो ते पुरं केलंत तरच कॉफी पिऊ, असा त्याचा अर्थ. यजमान म्हणाला, "कॉफी प्या." म्हणजे मागणी मान्य. मग सगळ्यांनी एकदम पेले उचलले. लग्नात हा सोहळा बहुतेक ठरलेलाच असतो. खुनाच्या प्रकरणात मात्र त्या न उचललेल्या पेल्यावर दोन घराण्यांचं वैर थांबणार की नाही, हे अवलंबून असतं.

तिथे पैशाची देवघेव नसते. पणाला लागतो तो 'वज्ह', म्हणजे चेहरा, आपल्या भाषेत शब्दाचा मान. म्हातारा रिकाम्या हाताने परतला तर त्याचं तोंड काळं, काम झालं तर 'अल्लाह तुझं तोंड उजळ करो' म्हणून आभार. म्हणून वास्ता आणि लाच यांत तिथली माणसं स्पष्ट फरक करतात. ज्याने तुमच्यासाठी फोन केला त्याच्या हातात नोट ठेवलीत तर त्याचा अपमान होईल. उपकार मात्र राहतो, आणि तो कधीतरी दुसऱ्याच कामात फेडावा लागतो.

आता हीच रीत सरकारी कचेरीत गेली की काय होतं, ते माझ्यावरच गुदरलं.

माझा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नूतनीकरणात अडकला होता. कागद पुरे, फी भरलेली, तरी तीन खेपा झाल्या. माझा सहकारी, त्याला सगळे थोरल्या मुलाच्या नावावरून अबू खालिद म्हणायचे, वैतागून म्हणाला, "मला आधी का नाही सांगितलंस?" त्याने चुलतभावाला फोन लावला. दुसऱ्या दिवशी एक जण दारातच भेटला, मला आतल्या खोलीत नेलं, चहा दिला, आणि वीस मिनिटांत शिक्का बसला. बाहेर पडताना लांब बाकावर दहा-बारा इजिप्शियन मजूर बसलेले दिसले. प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद, बुटांना सिमेंट. मी आलो तेव्हाही ते तिथेच होते. त्यांतल्या एकाने माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि मान वळवली.

त्याच अबू खालिदची मुलगी इंजिनियर. सरकारी नोकरीसाठी तिचं नाव दिवाणच्या, म्हणजे नागरी सेवा मंडळाच्या, यादीत होतं. पदवीचं वर्ष, गुण वगैरे धरून क्रम लागायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहावी लागायची. मधल्या काळात एका कचेरीत कंत्राटी जागा निघाली. तिची मुलाखत चांगली झाली, पण जागा दुसऱ्याच कुणाच्या भाचीला गेली. अबू खालिद आठवडाभर जेवायच्या सुट्टीत वास्त्याला शिव्या घालत होता. मी म्हटलं, माझ्या वेळी तर तूच फोन केलास. तो शांतपणे म्हणाला, "तो तुझा हक्क होता, मी फक्त हलवला. तिचा हक्क कुणीतरी नेला."

हा त्याचा खासगी बचाव नाही. जॉर्डनचा कायदाही जवळपास हीच रेघ ओढतो. 2006 च्या भ्रष्टाचारविरोधी कायद्यात आणि पुढे 2016 च्या कायद्यातही वास्ता मानणं हा भ्रष्टाचार ठरवला आहे, पण कोणता वास्ता? जो हक्क बुडवतो आणि खोट्याला खरं ठरवतो तो. कुराणातही (4:85) चांगल्या कामासाठी रदबदली करणाऱ्याला त्याचा वाटा आणि वाईट कामासाठी करणाऱ्याला त्याचा भार, असं आहे. म्हणजे मध्ये पडणं वाईट नाही, कशासाठी पडलात ते बघायचं.

मला ही रेघ अपुरी वाटते, आणि कारण तो बाक आहे. जाहामध्ये दोन्ही पक्ष एकाच खोलीत असतात. ज्याचं नुकसान झालंय तोच कॉफी देतो, आणि 'नाही' म्हणायचा अधिकारही त्याचाच. कचेरीतल्या वास्त्यात तिसरा माणूस खोलीत नसतोच. माझा इकामा हा माझा हक्क होता हे खरं, पण त्या सकाळची वीस मिनिटं त्या मजुरांची होती. त्यांना कुणी विचारलं नाही. अबू खालिदला तो बाक दिसला नाही, कारण तो माझ्याकडे बघत होता. मुलीच्या वेळी तो स्वतःच बाकावर होता.

मग लोक थांबवत का नाहीत? नातेवाइकाला 'नाही' म्हणणं हे तिथे तत्त्वनिष्ठ नाही, निर्दय मानलं जातं. खासदारही बरेचसे कुळाच्या मतांवर निवडून येतात. मतदारांची कामं घेऊन मंत्रालयात हेलपाटे घालणाऱ्याला 'नाइब खिदमात', सेवेचा खासदार, म्हणतात. ज्याचा विमा नाही अशा रुग्णाच्या उपचारमाफीचा कागद अशा माणसाने मिळवून दिला, तर त्या घराला तुम्ही हा अन्याय आहे असं सांगू शकणार नाही. आणि म्हणूनच दिवाणच्या त्या कंटाळवाण्या यादीवर कित्येकांचा मुलाखतीपेक्षा जास्त विश्वास होता. यादीत निदान आपला नंबर दिसायचा. मुलाखतीत फोन कुठून आला ते दिसत नाही.

तुम्ही अम्मानला पोचलात की कुणीतरी आपणहून म्हणेल, "माझा एक माणूस आहे तिथे." तो प्रेमानेच म्हणत असेल, तोंडावर झिडकारू नका. कोणता कागद कमी आहे, कोणत्या खिडकीवर जायचं, एवढं विचारून द्या म्हणा. एवढ्यात कुणाचा नंबर जात नाही, आणि सांगणाऱ्याचा मानही राहतो. नंतर दोनदा मी असंच केलं. एकदा काम झालं, एकदा अकरा दिवस जास्त लागले.