८.४ ग्रॅम खाण्याच्या सोड्यात किती कण? मोलचा हिशेब तराजूवर

प्रश्न: मोल नेमकं काय मोजतो, वजन की संख्या? अकरावीत आहे. ग्रॅमला रेणुवस्तुमानाने भागलं की मोल येतात हे पाठ आहे, गणितंही सुटतात. पण काट्यावर तर ग्रॅम दिसतात, मग त्यातून कणांची संख्या कशी काय निघते?

मोल संख्या मोजतो. कुठल्याही पदार्थाचे ६.०२२ × १०²³ कण झाले की एक मोल झाला, मग ते अणू असोत, रेणू असोत की आयन. आकडा डोळ्यांपुढे आणायचा तर कोटीला कोटीने गुणा, पुन्हा कोटीने गुणा, आणि आलेल्या संख्येची ६०२ पट करा. एवढे कण कुणी मोजत बसत नाही, म्हणून ते वजनावरून मोजतात. तुमचा प्रश्न त्या ‘वजनावरून’ या शब्दात अडकला आहे. मी बरीच वर्षं अकरावी-बारावीची प्रात्यक्षिकं घेतली आहेत. हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, आणि ज्यांना तो पडायचा त्यांचं रसायनशास्त्र पुढे पक्कं व्हायचं, असा माझा अनुभव आहे.

आधी हार्डवेअरच्या दुकानात चला. तिथे नट आणि बोल्ट किलोवर मिळतात. समजा एक बोल्ट एका नटाच्या बरोबर तिप्पट वजनाचा आहे. तुम्हाला प्रत्येक बोल्टाला एक नट हवा आहे, पण मोजत बसायचं नाही. तर १ किलो नट घ्या आणि ३ किलो बोल्ट घ्या. दोन्ही पिशव्यांत नग सारखेच असणार. किती आहेत हे तुम्हाला माहीत नाही, दुकानदारालाही माहीत नाही, तरी घरी जाऊन जुळवले तर एकही नट उरणार नाही. एका नगाचं वजन दुसऱ्याच्या किती पट आहे एवढं कळलं की समान संख्या तराजूवरच मिळते.

अणूंचं असंच आहे. कार्बनचा अणू हायड्रोजनच्या अणूच्या साधारण १२ पट जड, ऑक्सिजनचा १६ पट, सोडियमचा २३ पट. म्हणून १ ग्रॅम हायड्रोजन, १२ ग्रॅम कार्बन, १६ ग्रॅम ऑक्सिजन आणि २३ ग्रॅम सोडियम यांत अणूंची संख्या सारखी. ही ‘सारखी संख्या’ म्हणजेच मोल. ज्या ॲव्होगॅड्रोचं नाव या आकड्याला आहे त्याने १८११ साली सांगितलं ते एवढंच, की समान तापमान आणि दाब असताना वायूंच्या समान आकारमानात रेणू समान असतात. ते किती, हे त्याला कधीच कळलं नाही. तो १८५६ मध्ये वारला आणि रेणूंच्या आकाराचा पहिला बरा अंदाज लोश्मिटने १८६५ मध्ये बांधला. म्हणजे रसायनशास्त्रज्ञ नट-बोल्टांचा हिशेब आधी करत होते, आणि पिशवीत नग किती आहेत हे नंतर कळलं.

मग नेमका ६.०२२ × १०²³ हाच आकडा का? कारण आपण ग्रॅम हे माप वापरतो. अणूंच्या वजनाचं माप डाल्टन आहे, म्हणजे कार्बन-१२ च्या एका अणूचा बारावा भाग. एक डाल्टन सुमारे १.६६०५ × १०⁻²⁴ ग्रॅम भरतो. १ ला या आकड्याने भागा, ६.०२२ × १०²³ येतं. एका ग्रॅममध्ये इतके डाल्टन मावतात, बस. म्हणून एका कणाचं वजन ८४ डाल्टन असेल तर तसे मोलभर कण ८४ ग्रॅम भरतात. डाल्टन आणि ग्रॅम यांच्यात आकडा तोच राहतो, आणि तुमचं भागाकाराचं सूत्र त्यावरच उभं आहे. पूर्वी मोलची व्याख्या ‘१२ ग्रॅम कार्बन-१२ मधले अणू’ अशी होती. २० मे २०१९ पासून ६.०२२१४०७६ × १०²³ हा आकडाच व्याख्या म्हणून पक्का केला आहे. शाळा-कॉलेजच्या गणितांना याने काहीही फरक पडत नाही.

आता खाण्याचा सोडा घेऊ. हा प्रयोग मला फार आवडतो, कारण त्यात साधा वजनकाटा कणांबद्दल बोलतो. सोड्याचं सूत्र NaHCO₃. वजन जमवा: सोडियम २३, हायड्रोजन १, कार्बन १२, तीन ऑक्सिजनचे ४८. एकूण ८४. आपण ८.४ ग्रॅम सोडा मोजून घेतला, म्हणजे ०.१ मोल, म्हणजे ६.०२ × १०²² एकक. ‘रेणू’ न म्हणता ‘एकक’ म्हणतोय, कारण घन सोड्यात सुटे रेणू नसतात. सोडियम आयन आणि बायकार्बोनेट आयन यांची रचून ठेवलेली रास असते, आणि आपण त्यांच्या जोड्या मोजतो.

हा सोडा क्रुसिबलमध्ये घालून तापवला की वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातात आणि पांढरी पूड उरते. पूड पाहून काही कळत नाही, आधीही पांढरी, नंतरही पांढरी. ती कशाची असेल? कागदावर तीन शक्यता मांडता येतात, तिन्ही समीकरणं बरोबर संतुलित होतात:

```
NaHCO3  → NaOH + CO2
2NaHCO3 → Na2CO3 + H2O + CO2
2NaHCO3 → Na2O + H2O + 2CO2
```

पहिलं खरं असेल तर सोड्याच्या प्रत्येक एककामागे NaOH चं एक एकक उरेल. ०.१ मोल सोडा, तर ०.१ मोल NaOH. त्याचं एका मोलचं वजन ४० ग्रॅम, म्हणजे काट्यावर ४.० ग्रॅम दिसायला हवेत. दुसरं खरं असेल तर सोड्याच्या दोन एककांमागे Na₂CO₃ चं एक, म्हणजे ०.०५ मोल. त्याचं मोलचं वजन १०६, म्हणून ५.३ ग्रॅम. तिसरं खरं असेल तर ०.०५ मोल Na₂O, मोलचं वजन ६२, म्हणून ३.१ ग्रॅम. काट्यावर दरवेळी ५.३ च्या आसपास येतं. म्हणजे दुसरं समीकरण खरं, आणि उरलेली पूड सोडियम कार्बोनेट. एकही कण न बघता दोन एककांमागे एक उरलं हे आपल्याला कळलं.

इथे एक चूक इतक्या जणांनी केलेली पाहिली आहे की तिच्यावर थोडं थांबतो. समीकरणात २ ला १ असं प्रमाण आहे, म्हणून ८.४ चे निम्मे ४.२ ग्रॅम उरणार, असं मुलं लिहितात. समीकरणातले आकडे कणांचे असतात, ग्रॅमचे नसतात. दोन एककांची एक झाली हे खरं, पण ते नवीन एकक जुन्यापेक्षा जड आहे, ८४ च्या जागी १०६. म्हणून कण निम्मे झाले तरी वजन निम्मं होत नाही. वाट नेहमी तीन पायऱ्यांची असते: ग्रॅमवरून मोलवर, समीकरणाने एका पदार्थाच्या मोलवरून दुसऱ्याच्या मोलवर, आणि मग पुन्हा ग्रॅमवर. मधली पायरी गाळून ग्रॅमवरून थेट ग्रॅमवर उडी मारली की उत्तर हमखास चुकतं. पडताळा घ्यायचा तर निघून गेलेलं मोजा. ०.०५ मोल कार्बन डायऑक्साइड २.२ ग्रॅम, ०.०५ मोल पाणी ०.९ ग्रॅम, मिळून ३.१. त्यात ५.३ मिळवा, ८.४ परत आले.

प्रत्यक्षात पहिल्या फटक्यात ५.३ क्वचितच येतं. एकदा एका गटाला ५.६ ग्रॅम आले आणि त्यांनी वहीत खाडाखोड करून ५.३ केलं. मी त्यांना म्हटलं, खरा आकडा परत लिहा, तो बरंच काही सांगतोय. वजन ३.१ ने घटायला हवं होतं, घटलं २.८ ने. २.८ भागिले ३.१ म्हणजे सुमारे ०.९. दर दहा एककांपैकी नऊ फुटली होती, एक तशीच राहिली होती. त्यांनी क्रुसिबल आणखी दहा मिनिटं तापवलं आणि वजन खाली आलं. म्हणून नियम असा, की तापवा, थंड करा, वजन घ्या, पुन्हा तापवा, आणि लागोपाठ दोन वजनं सारखी येईपर्यंत थांबू नका. उलट ५.३ पेक्षा बरंच कमी आलं तर पूड उडून बाहेर सांडली असण्याची शक्यता जास्त. ज्योत एकदम मोठी केली की निघणारा वायू पूड सोबत घेऊन जातो. आणि गरम क्रुसिबल काट्यावर ठेवलं तर भोवतीची हवा तापून वर जाते आणि वजन खोटं कमी दिसतं. आकडा एका जागी न थांबता हळूहळू वाढत राहिला तर समजावं की भांडं अजून गरम आहे.

वजनावरून संख्या काढण्याला एक अट आहे: समोर काय आहे हे नक्की माहीत हवं. कशाचे मोल हेही बोलायला हवं. त्याच ०.१ मोल सोड्यात सोडियम आयन ०.१ मोल आहेत, पण ऑक्सिजनचे अणू ०.३ मोल आहेत. ‘१ मोल ऑक्सिजन’ असं नुसतं लिहिलं तर अणू म्हणायचेत की रेणू हे कळत नाही. अणू असतील तर १६ ग्रॅम, रेणू असतील तर ३२.

आपण सोडा तापवून जे सोडियम कार्बोनेट मिळवलं तेच बाजारात धुण्याच्या सोड्याच्या खड्यांत असतं. फक्त त्या खड्यांत प्रत्येक एककाबरोबर पाण्याचे दहा रेणू अडकलेले असतात, सूत्र Na₂CO₃·10H₂O. दहा रेणूंचं वजन १८०, त्यात १०६ मिळवले की एका मोलचं वजन २८६. आपल्या ५.३ ग्रॅम कोरड्या पुडीत जितकी सोडियम कार्बोनेटची एककं आहेत तितकीच खड्यांतून हवी असतील तर १४.३ ग्रॅम खडे घ्यावे लागतील. आणि खडे उघडे ठेवले की त्यांतलं पाणी उडत जातं, ते पांढरे आणि भुसभुशीत होतात. मग त्यांचं मोलचं वजन २८६ ही राहत नाही आणि १०६ ही नसतं. अशा अर्धवट सुकलेल्या सोड्याचे १४.३ ग्रॅम घेऊन ०.०५ मोल धरले तर प्रत्यक्षात त्याहून जास्त एककं आलेली असतात. तो पूर्ण तापवून वजन स्थिर झालं, की मगच १०६ ने भागायचं.