'त्वरा करा'ऐवजी काय लिहावं?

प्रश्न: आमचा घरगुती फराळाचा छोटा व्यवसाय आहे. दिवाळीआधी जुन्या गिऱ्हाइकांना ईमेल पाठवतो, त्यात 'त्वरा करा', 'शेवटची संधी', 'मर्यादित साठा' लिहिलं की फार बाजारू वाटतं, आणि नाही लिहिलं तर लोक निवांत राहतात आणि अनारशाची ऑर्डर नेमकी आदल्या दिवशी देतात. मराठीत याला चांगला शब्द आहे का?

शब्द बदलून फार काही होणार नाही असं मला वाटतं. 'त्वरा करा' आपण बोलताना कधी म्हणतो का? घरात 'आटप', 'उरक लवकर' असं म्हणतो, 'त्वरा' फक्त जाहिरातीत आणि सेलच्या बॅनरवर राहते, त्यामुळे तो शब्द दिसला की माणूस ओळखतो की आता आपल्याला काहीतरी विकणार आहेत. 'घाई करा' तर त्याहून वाईट, कारण मराठीत घाई ही करू नये अशीच गोष्ट आहे, घाटातल्या पाट्याही तेच सांगतात, अति घाई संकटात नेई. आणि 'मर्यादित' म्हणाल तर जगात सगळंच मर्यादित आहे, कंपन्यांच्या नावातसुद्धा असतं. किती मर्यादित ते सांगा ना, 'चाळीस डबे करणार आहोत' म्हटलं की विषय संपला, फक्त ते चाळीसच असायला हवेत.

खरा दाब असतो तो 'च'चा. 'आजच', 'आत्ताच', 'फक्त तुमच्यासाठीच'. हा 'च' काढून बघा, 'आज ऑर्डर करा' हे वाक्य लगेच उघडं पडतं, आज का बरं? कारण सांगावं लागतं, आणि 'च' नेमका तेच टाळायला वापरतात. म्हणून मी 'च'च्या जागी 'पर्यंत' घेईन आणि त्याच्यामागे कारण.

तुमच्याकडे तर अनारशाइतकं भक्कम कारण आहे! हिशोब मांडून बघा. समजा डबा १७ तारखेला पोचायला हवा. तांदूळ ६ला सकाळी भिजत घातले, रोज पाणी बदलून तीन दिवस, ९ला उपसून सावलीत थोडे सुकवून दळले, गूळ मिसळून गोळे करून ठेवले, मुरायला पाच दिवस, १४ला खसखस लावून तळले, १५ला कुरिअर, १७ला हातात. म्हणजे ५ तारखेच्या रात्री तुम्हाला आकडा कळलाच पाहिजे. मग ईमेलमध्ये इतकंच:

'अनारशाचे तांदूळ आम्ही ६ तारखेला सकाळी भिजत घालतो, आलेल्या ऑर्डरी मोजूनच. त्यामुळे अनारसे हवे असतील तर ५ तारखेला रात्री ८ पर्यंत कळवा. चकली, शेव, चिवडा यांच्या ऑर्डरी १२ तारखेपर्यंत घेऊ.'

शेवटचं वाक्य मुद्दाम ठेवलंय. सगळ्याला एकच तारीख दिली असती तर ती मारून मुटकून लावल्यासारखी दिसली असती, दोन वेगळ्या तारखा दिसल्या की वाचणाऱ्याला कळतं की या कामावरून आल्यात.

पण इथे एक गोम आहे. मुरलेलं अनारशाचं पीठ चांगलं टिकतं, आणि ज्या घरात अनारसे होतात तिथे हे माहीत असतं. तुम्ही जर पीठ आधीच डबे भरून ठेवत असाल तर वरचं कारण खोटं, कुणीतरी काकू लगेच रिप्लाय करतील. मग अडतंय कुठे ते बघा, बहुतेक तळणीपाशी, आणि दिवसाला किती अनारसे तळून होतात तो आकडा लिहा.

'पर्यंत'ची पण एक अडचण आहे, '५ तारखेपर्यंत' म्हणजे ५ धरून की सोडून यावर लोक भांडतात, म्हणून वेळ टाका. आणि एकदा टाकली की 'लोकाग्रहास्तव मुदतवाढ' नको, नाहीतर पुढच्या वर्षी तुमची तारीख कोण मानणार. मला एका दुकानाचं 'शेवटचे २ तास' असं मेल सलग तीन दिवस आलं, चौथ्या दिवशी मी अनसबस्क्राइब केलं.

अशी खोटी घाई आता नुसती बाजारूही राहिलेली नाही बरं का. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ला डार्क पॅटर्न्सबद्दल, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवून हवं ते करायला लावणाऱ्या युक्त्यांबद्दल, मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात ऑनलाइन विक्रीतले १३ प्रकार दिलेत आणि यादीत पहिलाच हा आहे. 'नको, मला घरच्या फराळाची आवड नाही' असली लाज वाटायला लावणारी बटणंही त्याच यादीत येतात.

आठवण करून द्यायची असेल तर ४ तारखेला एकच मेल, विषयाच्या ओळीत 'परवा सकाळी अनारशाचे तांदूळ भिजत घालतोय'. यात कुठेही 'करा' नाही, पण ज्याला अनारसे हवेत तो उघडेल.