ब्राऊन राइस की बासमती? तांदळाचा ग्लायसेमिक इंडेक्स ठरतो कशावर

प्रश्न: आईला (वय ६३) दोन वर्षांपासून डायबेटिस आहे. सोसायटीतल्या काकू म्हणतात ब्राऊन राइसच खा, डॉक्टर म्हणाले बासमती चालेल, आणि आईला तर रोजचा कोलमच हवा. ग्लायसेमिक इंडेक्स म्हणजे नेमकं काय आणि तांदूळ तांदूळच असताना तो वेगवेगळा का येतो? (ऐरोली)

उत्तर:

मी ठाण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. हा वाद माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांत झालेला असतो, आणि त्यात डॉक्टरांचं म्हणणं काकूंपेक्षा जास्त बरोबर असतं. का, ते सांगते.

आधी हा आकडा निघतो कसा ते पाहू. १९८१ मध्ये टोरांटो विद्यापीठातल्या डेव्हिड जेंकिन्स आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली. साधारण दहा निरोगी माणसांना सकाळी उपाशीपोटी ५० ग्रॅम पचणारं कर्बोदक मिळेल एवढा भात देतात, म्हणजे शिजलेला सुमारे पावणेदोनशे ग्रॅम. मग दोन तास ठरावीक अंतराने साखर मोजून आलेख काढतात. त्याच माणसांना दुसऱ्या दिवशी ५० ग्रॅम ग्लुकोज पाजून तसाच आलेख काढतात. ग्लुकोजच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ १०० धरलं तर भाताचं किती भरतं, तो त्याचा ग्लायसेमिक इंडेक्स. ५५ किंवा कमी म्हणजे कमी, ७० किंवा जास्त म्हणजे जास्त, मधले मध्यम. म्हणजे हा आकडा खाल्लेलं कर्बोदक किती झपाट्याने रक्तात उतरतं ते सांगतो. ताटात भात किती वाढला, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. हे लक्षात ठेवा, खाली लागणार आहे.

आता तांदळाकडे. तांदूळ म्हणजे मुख्यतः स्टार्च आणि त्यात दोन प्रकारचे रेणू असतात. अमायलोपेक्टिन झाडासारखं फांद्याफांद्यांचं असतं. त्याला असंख्य टोकं, त्यामुळे पाचक रस एकाच वेळी अनेक ठिकाणी तोडू लागतात आणि साखर भराभर सुटते. अमायलोज मात्र बहुतांशी सरळ, लांब साखळी. ते ज्या दाण्यात जास्त, त्यातले स्टार्चचे कण शिजताना कमी फुगतात, घट्ट राहतात आणि पाचक रस आत उशिरा शिरतात. भात निवू लागला की या सरळ साखळ्या एकमेकींना चिकटून पुन्हा घट्ट होतात, तो भाग तर आणखी हळू पचतो.

बासमतीत अमायलोज साधारण २० ते २५ टक्के असतं, मऊ-चिकट होणाऱ्या तांदळांत त्याहून कमी. म्हणून बासमतीचा इंडेक्स चाचण्यांमध्ये बहुधा ५० ते ६० च्या आसपास येतो, तर सर्वसाधारण पांढऱ्या भाताची आंतरराष्ट्रीय तक्त्यांतली सरासरी ७३ आहे. आणि ब्राऊन राइस? ६८. काकूंना हे पटणार नाही, पण फरक एवढाच आहे.

याचं कारण सोपं आहे. ब्राऊन राइस ही तांदळाची जात नाही. कुठलाही तांदूळ पॉलिश न करता ठेवला की तो ब्राऊन, आपल्या आज्या ज्याला हातसडीचा म्हणायच्या त्याच्या जवळचा. वरचा कोंडा राहिल्याने पाणी आणि पाचक रस आत जायला वेळ लागतो, पण आतला स्टार्च तोच राहतो. शिवाय हा तांदूळ लवकर शिजत नाही म्हणून आपण कुकरला दोन-तीन शिट्ट्या जास्त देतो. कोंडा फाटला, दाणा फुटून लगदा झाला की ती आडकाठीही गेली. कमी अमायलोजच्या जातीचा ब्राऊन राइस पांढऱ्या बासमतीपेक्षा साखर जास्त वेगाने वाढवू शकतो, तो यामुळे. तंतू, मॅग्नेशियम आणि बी-१ यांसाठी ब्राऊन राइस जरूर खा, पण फक्त इंडेक्ससाठी तो बळेबळे गिळायची गरज नाही.

जातीचा फरक किती मोठा असतो ते २०११ मधल्या एका अभ्यासात दिसलं. फिलिपिन्समधली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आणि ऑस्ट्रेलियाची सरकारी विज्ञान संस्था सीएसआयआरओ यांनी २३५ जाती तपासल्या. इंडेक्स ४८ पासून ९२ पर्यंत पसरलेला निघाला. खालच्या टोकाकडच्या जातींत आपल्याकडची स्वर्णा होती, चांगली पॉलिश केलेली, पांढरी, रोजच्या जेवणातली. म्हणून ‘पांढरा तांदूळ ७३’ हा आकडा तुमच्या डब्यातल्या तांदळाला जसाच्या तसा लावू नका.

दुकानात अमायलोज कोणी सांगत नाही. शिजल्यावर दाणा मोकळा राहतो की चिकटतो, यावरून अंदाज येतो, पण तो अंदाजच. जुना तांदूळ कमी अमायलोजचा असला तरी मोकळा होतो. वाशीच्या बाजारातून बासमती घेताना तिबार, दुबार, मोगरा असे तुकड्यांचे प्रकार स्वस्त मिळतात. जात तीच, पण तुकडा लवकर शिजतो आणि लवकर पचतो, त्यामुळे साखरेसाठी घेत असाल तर अख्खा दाणा घ्या. आणि वाडा कोलमच्या पाकिटावरचं ‘जीआय’ म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स नव्हे, भौगोलिक मानांकन, त्याचा साखरेशी काही संबंध नाही.

आता आईचं ताट. समजा ती ६० ग्रॅम कच्च्या तांदळाचा भात खाते. पांढऱ्यात कर्बोदकं सुमारे ४७ ग्रॅम. त्याला इंडेक्सने गुणून १०० ने भागलं की ग्लायसेमिक लोड मिळतो. कोलमचा इंडेक्स सरासरीएवढा, ७३ धरला तर त्याचा ३४, ५७ धरलेल्या बासमतीचा २७, ब्राऊन राइसचा (कर्बोदकं ४५ ग्रॅमच्या आसपास) ३१. आता बासमती ‘चालते’ म्हणून तिने दीडपट, ९० ग्रॅम घेतला, तर कर्बोदकं ७० ग्रॅम आणि लोड ४०. म्हणजे थोडक्या कोलमपेक्षाही वाईट. माझ्याकडे येणाऱ्यांत बासमती सुरू करूनही साखर न उतरण्याचं हेच कारण मला सर्वात जास्त दिसतं.

म्हणून मी तुमच्या जागी असते तर आईचा कोलम बंद केला नसता. कच्चा तांदूळ एकदा वजन करून तिच्यासाठी माप ठरवलं असतं, भात मोकळा आणि थोडा कमीच शिजवला असता, त्यासोबत घट्ट वरण किंवा उसळ, भाजी आणि दही ठेवलं असतं, कारण प्रथिनं, तंतू आणि स्निग्धांश सोबत असले की पोट हळू रिकामं होतं. कोकणातला उकडा तांदूळ आवडत असेल तर तोही चांगला पर्याय. भरडण्याआधी तो वाफवलेला असल्याने त्याचा स्टार्च घट्ट झालेला असतो. फ्रिजमधला भात गरम करून खाल्ला तरी थोडा फायदा टिकतो, फक्त शिजल्यावर तो तासन् तास ओट्यावर न ठेवता लवकर फ्रिजमध्ये टाका. उघड्यावरच्या भातात वाढणारे जिवाणू विष तयार करतात आणि ते पुन्हा गरम केल्याने जात नाही.

घरी ग्लुकोमीटर असेल तर दोन तांदळांची तुलना करता येईल, पण त्यातून इंडेक्स निघत नाही, फक्त आईचं शरीर काय म्हणतं ते कळतं. तांदूळ तेवढा बदला. वजन, सोबतचं जेवण, वेळ आणि नंतरचं चालणं तेच ठेवा. जेवणाआधी, एक तासाने आणि दोन तासांनी मोजा, आणि प्रत्येक तांदूळ दोन-तीन वेळा तपासा, कारण एकाच जेवणाचे आकडेही एका दिवसाचे दुसऱ्या दिवशी जुळत नाहीत. आई इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असेल तर भात एकदम निम्मा करण्याआधी डॉक्टरांना फोन करा, नाहीतर साखर गरजेपेक्षा खाली जाईल.