वाटीभर खिचडी म्हणजे नेमकी किती?

"मॅडम, सासूबाई ७६ वर्षांच्या, कवळी लागत नाही म्हणून दोन्ही वेळा मऊ खिचडी, दही आणि उकडलेली भाजी देते. पोट भरलं म्हणतात, पण बारीक होत चालल्यात. एवढ्यात कॅलरी नि प्रोटीन पुरतं का?"

ही काळजी घेऊन महिन्याला दोघं-तिघं तरी येतात, म्हणून फोंड्याच्या एका काकींचं सांगते. मुलगा घेऊन आला होता, मोबाईलवर हिशोब तयार, "एक वाटी खिचडी दोनशे कॅलरी, दीड वाटी खाते, म्हणजे तीनशे". मी विचारलं, कुकरमध्ये कोरडं किती घालता? तो गप्प. सुनेला फोन लावला तेव्हा कळलं, ६० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम मूगडाळ आणि बाकी सगळं पाणी, गिळायला सोपं जावं म्हणून. जवळजवळ पेजच ती, फक्त नाव खिचडी.

त्यातलं अर्धं काकी एका वेळेला खायच्या, म्हणजे ३० ग्रॅम तांदूळ नि १० ग्रॅम डाळ. साधारण १४० कॅलरी, साडेचार ग्रॅम प्रोटीन. अर्धी वाटी दही धरा ४५ कॅलरी नि अडीच ग्रॅमच्या आत. उकडलेला दुधी-गाजर २० कॅलरी, प्रोटीन एक ग्रॅमसुद्धा नाही. तूप बंद, कोलेस्टेरॉल म्हणून. झालं, एक जेवण २०५ कॅलरी आणि ८ ग्रॅम प्रोटीन! दोन जेवणं, सकाळची पेज, चहा-बिस्किटं सगळं धरून दिवसाला साडेसातशे कॅलरी नि २२ ग्रॅमच्या आसपास. काकींचं वजन ४६ किलो, या वयात किलोमागे निदान एक ग्रॅम प्रोटीन आणि तीसेक कॅलरी लागतात, म्हणजे ४६ ग्रॅम आणि जवळपास चौदाशे. निम्म्यावरच गाडी. सहा महिन्यांपूर्वी त्या ५२ किलो होत्या, बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या आणि खुर्चीतून उठताना हातांचा जोर लावावा लागायचा.

पोट भरायचं हे खरंच होतं, फक्त पाण्याने भरायचं. म्हणून जास्त खा म्हणून मागे लागण्यात अर्थ नव्हता, वाटी तीच ठेवून आतला माल वाढवायचा होता. तांदूळ तेवढाच, डाळ दुप्पट म्हणजे ४०, पाणी थोडं कमी आणि शिजल्यावर रवीने घोटून घ्यायची. ताटात प्रत्येक वेळी दोन चमचे तूप, त्याच्याच ९० कॅलरी होतात (डॉक्टरांना विचारूनच चालू केलं, त्यांनी हो म्हटलं). भाजी वेगळी न ठेवता खिचडीतच कुस्करायची. दही अर्ध्याऐवजी एक वाटी घेऊन तासभर फडक्यात टांगायचं, पाणी गळून ते पुन्हा अर्ध्या वाटीत मावतं आणि बहुतेक प्रोटीन त्यातच राहतं. आता एका जेवणाचा हिशोब साधारण ३७० कॅलरी नि १३ ग्रॅम.

तरी कमी पडत होतंच. मग दुपारी एक कप दुधात मिल्क पावडर कालवून, आणि एक उकडलेलं अंडं किंवा इसवणाचा छोटा तुकडा, काटे काढून कुस्करलेला. सोमवार-गुरुवार काकींचं शिवराक, त्या दिवशी पनीर किसून. असं करत ४५ ग्रॅम आणि तेराशे कॅलरीपर्यंत पोचलो.

पहिल्या आठवड्यात काकी चिडल्या, खिचडी टाळूला चिकटते म्हणाल्या. बरोबरच होतं, सुनेने पाणी फारच कमी केलं होतं. चमच्यातून हळूच घसरेल इतपत सैल हवी. थोडा गॅसही झाला, मग डाळ आधी ३० वर ठेवून दहा दिवसांनी ४० केली. दोन महिन्यांनी वजन ४७ च्या वर. कवळीचं काम मात्र मुलगा अजून पुढच्या महिन्यावर ढकलतोय!

तुमच्याकडे डाळ वाढवायच्या आधी दोन गोष्टी बघा. क्रिएटिनीन वाढलेलं असेल, किडनीचे उपचार चालू असतील तर प्रोटीन किती द्यायचं ते डॉक्टर ठरवतील, माझा हिशोब तिथे लावू नका. आणि जेवताना ठसका लागतो का, घास गेल्यावर आवाज घोगरा, ओलसर येतो का, कारण तसं असेल तर अडचण कवळीची नाही, गिळण्याची आहे, आणि मग पातळ पदार्थच जास्त धोक्याचे, ते आधी तपासून घ्यावं लागतं.

यातलं काही नसेल तर उद्या कुकर लावायच्या आधी तांदूळ नि डाळ वेगवेगळी मोजा, शिजल्यावर त्यातला कितवा भाग सासूबाईंच्या पोटात जातो ते बघा आणि ते आकडे, आजचं वजन नि सहा महिन्यांपूर्वीचं वजन मला पाठवा.