साप्ताहिक न्यूजलेटर: भाषण न देता सांगायचं कसं, आणि नोकरी सांभाळून जमवायचं कसं

प्रश्न: १२ वर्षं नोकरी झाली, त्यात शिकलेल्या गोष्टींवर मराठीत दर आठवड्याला न्यूजलेटर सुरू करायचंय. दोनदा सुरू करून बंद पडलं. लिहिलेलं वाचलं की भाषण वाटतं, आणि नोकरी सांभाळून दर आठवड्याला जमतही नाही. काय करू?

उत्तर:

मी चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत परचेसला आहे आणि गेली चार वर्षं दर शनिवारी सकाळी सातला न्यूजलेटर पाठवते, नोकरीला लागून पाच-सहा वर्षं झालेल्या मुलामुलींसाठी. तुमचे हे दोन प्रश्न आहेत ना, माझ्या बाबतीत ते एकच निघाले. ज्या अंकात मी भाषण देत होते त्याला सहा-सहा तास लागायचे, आणि जो अंक मी कुणाला तरी सांगत होते तो दोन-अडीच तासांत व्हायचा. म्हणून आधी आवाजाचं बोलू, वेळेचं अर्धं त्यातच सुटतं.

माझ्या सुरुवातीच्या अंकातलं एक वाक्य जसंच्या तसं देते: "राजीनामा देताना व्यावसायिकता जपणे आणि सुयोग्य संवाद साधणे अत्यंत आवश्यक असते." चूक काही नाही त्यात, पण वाचून कुणी उद्या सकाळी वेगळं काय करणार? काहीच नाही. त्याच सुमारास माझ्या मावसबहिणीचा मेसेज आला, ताई माझी नोटीस ९० दिवसांची आहे आणि नवीन कंपनी ३० दिवसांत ये म्हणतेय, काय करू. मी भाजी चिरता चिरता तिला चार मिनिटांची व्हॉइस नोट पाठवली. नंतर ती ऐकून लिहून काढली तर असं निघालं:

"राजीनामा मेलवर टाक, नुसतं तोंडी सांगून घरी येऊ नकोस, कारण नोटीसचे दिवस तारखेपासून मोजतात आणि तारीख मेललाच असते. आणि पहिल्याच मीटिंगला 'मला ३० दिवसांत सोडा' म्हणू नकोस, आधी हातातल्या कामांची यादी घेऊन जा, कुठलं काम कुणाला देता येईल ते समोर लिहून. साहेबांना तुझ्या जाण्यापेक्षा उद्या तुझ्या खुर्चीत कोण बसणार याची चिंता जास्त असते. तेवढी सोडव, मग तारखेचं बोल. आणि नोटीसच्या उरलेल्या दिवसांचे पैसे, म्हणजे बायआउट, कोण भरणार हे नवीन कंपनीकडून मेलवर घे, फोनवर नको."

विषय तोच, माणूस तोच, पण दुसऱ्यात तारीख आहे, मेल आहे, खुर्ची आहे, आणि समोर एक ठरावीक मुलगी आहे. "आवाज सापडणं" म्हणजे माझ्या दृष्टीने एवढंच, की लिहिताना समोर कोण बसलंय ते नक्की असणं. तेव्हापासून मी प्रत्येक अंक आधी व्हॉइस नोट म्हणून बोलते, एका खऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून, आणि मगच टाइप करते. तुम्ही तुमचा माणूस ठरवा. धाकटा भाऊ, जुन्या टीममधला ज्युनिअर, कुणीही, पण "तरुण व्यावसायिक" नको, त्याला चेहरा नसतो.

मराठीत यातला एक निर्णय वेगळाच करावा लागतो, तो म्हणजे तू का तुम्ही. मी पहिले दोन महिने कधी "आपण", कधी "तुम्ही", कधी "तू" असं लिहीत होते आणि वाचताना प्रत्येक परिच्छेदात बोलणारी बाई बदलतेय असं वाटायचं. "आपण" लिहिलं की माझ्या हातून लगेच "केले पाहिजे" सुरू होतं. "तू" जवळचं आहे पण माझे काही वाचक माझ्याहून मोठे आहेत, त्यांना ते खटकलं. शेवटी "तुम्ही" ठेवलं, पण बोलीतलं, म्हणजे "करावे" नाही "करा", "नाही आहे" नाही "नाहीये". शब्दांचंही तेच, ऑफिसात जो शब्द तोंडात आहे तोच लिहा. अप्रेजलला कुणी जेवणाच्या टेबलावर कार्यमूल्यमापन म्हणत नाही.

आता विषय कुठून आणायचे. "लीडरशिप", "टाइम मॅनेजमेंट" अशी यादी करून बसलात तर पुन्हा भाषणच निघेल. मी फोनमध्ये एक नोट ठेवलीय, तिच्यात दिवसातून एखादी ओळ टाकते, फक्त घडलेली गोष्ट. चांगलं-वाईट काही लिहायचं नाही, कोण काय बोललं आणि पुढे काय झालं एवढंच. एका अंकाचा आठवडा कसा गेला ते सांगते म्हणजे वेळेचाही अंदाज येईल.

सोमवारची ओळ होती: "व्हेंडरने रेट सोडला नाही, पण टूलिंगचा खर्च स्वतःवर घेतला, मी विचारलं म्हणून." एवढंच. टूलिंग म्हणजे पार्ट बनवायला लागणारे साचे वगैरे. बुधवारी रात्री जेवणानंतर चक्कर मारताना विचार केला की हे परचेसच्या बाहेरच्या कुणाला उपयोगी आहे का, आणि ऑफर लेटर हातात असलेली एक मुलगी आठवली, जिला एचआरने "बँड फिक्स आहे, सीटीसी वाढणार नाही" सांगितलं होतं आणि ती तिथेच गप्प बसली होती. मग तिलाच सांगितलं. रेट अडला तर रेटच्या बाजूच्या गोष्टी विचारायच्या. नोटीसचं बायआउट देता का, जॉइनिंग बोनस देता का, आठवड्यातले दोन दिवस घरून चालेल का, पहिलं अप्रेजल एप्रिलला धरणार का वर्ष भरल्यावर. आणि जॉइनिंग बोनस मिळाला तर वर्षाच्या आत सोडल्यास परत घेण्याची अट आहे का ते वाचायचं, असते बऱ्याचदा. दहा मिनिटं बोलले आणि मग अर्धा तास बसून टाइप केलं, साधारण ९०० शब्द झाले.

गुरुवारी पाऊण तास कापाकापी. पहिला परिच्छेद जवळजवळ नेहमीच जातो, कारण त्यात मी नुसता घसा खाकरत असते. खरी सुरुवात दुसऱ्या परिच्छेदात असते. ६०० शब्द राहिले. शुक्रवारी मोठ्याने वाचून पाहिलं, जिथे जीभ अडली ते वाक्य मोडलं, सब्जेक्ट लाइन लिहिली, स्वतःला एक टेस्ट मेल पाठवून फोनवर बघितला आणि शनिवारी सातला शेड्यूल केला. सगळं धरून दोन-सव्वादोन तास, तेही तीन तुकड्यांत. रविवारी सलग चार तास काढू असं म्हणत असाल तर प्लीज नका म्हणू, कुणाचं ना कुणाचं लग्न निघतं आणि अंक जातो.

माझाही पहिला प्रयत्न सातव्या अंकाला बंद पडला होता, त्याचं कारण मला बऱ्याच उशिरा कळलं. मार्च होता, इयर-एंड, एक शनिवार चुकला. मग वाटलं पुढचा जरा दणदणीत करू म्हणजे भरपाई होईल, दणदणीत करायला जास्त वेळ हवा, तो मिळाला नाही, दुसरा शनिवार चुकला, मग तिसऱ्याकडून अपेक्षा अजून वाढली. चुकलेल्या एका अंकाने बंद पडत नाही, भरपाईच्या विचाराने पडतं. आता नियम असा की चुकल्यानंतरचा अंक नेहमीपेक्षा लहान जायचा, दीडशे शब्द, वाचकाचा एक प्रश्न आणि त्याचं उत्तर, माफी-बिफी न मागता.

शिवाय दोन पूर्ण लिहिलेले अंक कायम बरणीत असतात. त्यात चालू घडामोडी नसतात, कधीही काढून वाढता येतील असे, उदाहरणार्थ पाच वर्षं पूर्ण व्हायच्या तोंडावर नोकरी सोडताना ग्रॅच्युइटीचा हिशोब बघा, असा विषय. बरणीतला एक काढला की पुढच्या जोडून आलेल्या सुट्टीत परत भरते. गणपतीत एक आणि दिवाळीत एक आठवडा सुट्टी, पण आदल्या अंकात सांगून. तुम्ही पहिला अंक पाठवायच्या आधी तीन लिहा, आणि प्रत्येकाला किती वेळ लागला ते घड्याळ लावून मोजा. तिन्ही मिळून नऊ तास लागत असतील आणि तुमच्याकडे आठवड्याचे दोनच असतील तर पहिल्या दिवसापासून पंधरवड्याला करा, त्यात काहीच कमीपणा नाही.

एक गोष्ट मात्र जपा. पहिल्याच वर्षी मी एका जुन्या साहेबांचा किस्सा नाव न घेता लिहिला, आणि तो महिन्याभरात त्यांच्यापर्यंत पोचला, कारण त्या प्लांटमधल्या कुणालाही ओळखू येईल असा होता. त्यांना लागलं, आणि मलाही अजून त्याचं वाईट वाटतं. आता ताज्या घटनेतला माणूस मी लिहीतच नाही, दोन वर्षं जाऊ देते, डिपार्टमेंट बदलते आणि तपशील बदललेत असं वाचकांना सांगते. टूलिंगच्या त्या किश्शातही अंकात व्हेंडर, पार्ट, रक्कम काहीच नव्हतं. तुमच्या अपॉइंटमेंट लेटरमधली गोपनीयतेची आणि बाहेरच्या कामाची कलमं एकदा नीट वाचा, पैसे घ्यायचा विचार असेल तर नक्कीच.

टेक्निकलमध्ये फार अडकू नका, सबस्टॅक किंवा तसलं काहीही चालतं, फक्त मराठीचा एक मुद्दा लक्षात ठेवा. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, इंग्रजीला एक. जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढचा मेल कापून खाली "पूर्ण बघा" अशी लिंक देतं, आणि वर्डमधून कॉपी-पेस्ट केलं की न दिसणारं फॉरमॅटिंग येऊन मेल अजून फुगतो. कापलेल्या भागात अनसबस्क्राइबची लिंक असते, ती सापडली नाही की वैतागलेला माणूस सरळ स्पॅम दाबतो, आणि स्पॅमचं प्रमाण वाढलं की बाकीच्यांचे मेलही इनबॉक्समध्ये पोचायचे कमी होतात. म्हणून आधी नोटपॅडमध्ये टाकून साधा मजकूर करून घ्या.

ओपन रेट रोज बघू नका. मेलमधलं एक न दिसणारं चित्र लोड झालं की मेल उघडला असं त्यात मोजतात. २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये प्रायव्हसीचं सेटिंग चालू असलं तर ते चित्रं स्वतःच आधी लोड करून ठेवतं, माणसाने मेल उघडला नाही तरी उघडला असं दिसतं. मी फक्त रिप्लाय मोजते. टूलिंगच्या अंकाला अकरा आले, त्यातल्या एकीने बायआउट मागितलं होतं आणि तिला ते मिळालं होतं.

आणि तुमच्या त्या दोन बंद पडलेल्या प्रयत्नांचे अंक डिलीट केले नसतील तर आजच काढा. मोठ्याने वाचा आणि ज्या ज्या वाक्याला तुमच्या ओळखीचं माणूस "मग पुढे काय झालं?" असं विचारेल तेवढीच वाक्यं वेगळी काढा. दोन-चार तरी निघतील. पहिल्या तीन अंकांचे विषय त्यातूनच घ्या.