लगेच पैसे हवेत? आधी फी बघ

अमेरिकेत डोरडॅशचं जेवण घरपोच द्यायचं काम नवीन सुरू केलंयस, म्हणून सांगतो. आठवड्याची कमाई बँक खात्यात फुकट येते, कारण ती एसीएचने जाते. ही बँकांची गठ्ठ्याने पैसे पाठवायची पद्धत. दर व्यवहाराला खर्च किरकोळ, पण शनिवार-रविवार आणि सुट्टीला काम बंद.

डोरडॅशच्या 'फास्ट पे'मध्ये, म्हणजे कमाई लगेच काढायच्या सोयीत, मात्र पैसे डेबिट कार्डाच्या जाळ्यातून उलटे येतात. एरवी कार्डातून पैसे जातात, इथे जमा होतात, तेही सहसा काही मिनिटांत. त्यासाठी कार्ड नेटवर्क आणि मधली बँक प्रत्येक वेळी आकार घेतात. शिवाय गेलेली रक्कम सहज परत घेता येत नाही, म्हणजे फसवणुकीची जोखीमही आलीच. (कंपनी त्यात थोडं स्वतःचंही कमावत असणार, असं माझं मत.)

फी १.९९ डॉलर, रक्कम कितीही असो. ४० डॉलर काढलेस तर जवळपास ५ टक्के गेले. २०० काढलेस तर १ टक्का. म्हणून रोज काढू नकोस, साठवून एकदाच काढ. पेपॅलवर विक्री करणाऱ्यांचं गणित वेगळं: तिथे लगेच पैसे काढताना टक्केवारीने कापतात, त्यामुळे साठवून फारसा फायदा नाही.

आणि कार्ड आजच जोडून ठेव. नवीन कार्डावर पडताळणीसाठी काही दिवस थांबावं लागतं. प्रीपेड कार्ड तर चालतच नाही.